एक एकर भातासाठी किती गादीवाफे? माझ्या नोंदी

मी राहतो कळव्यात, शेत मुरबाडजवळच्या गावी. सातबाऱ्यावर एक एकर भाताची जमीन आहे. काकांकडून ती कसायला घेतल्याचं हे दुसरं वर्ष. गेल्या पावसाळ्यात सपाट राबावर बी फेकलं होतं. तीन दिवस पाणी साचलं आणि निम्मं बी कुजलं. म्हणून यंदा गादीवाफे करायचे ठरवले. किती वाफे लागतील, हे कुठे सरळ लिहिलेलं सापडलं नाही. जे सापडलं ते मी चुकीचं वाचलं. दुसऱ्या कोणाला उपयोग व्हावा म्हणून नोंदी आहेत तशा ठेवतोय.

१८ मे, शनिवार

सकाळची कल्याण लोकल, मग एसटी. दहाला शेतावर.

सगळीकडे एकच नियम सांगतात: एक हेक्टर लावणीला दहा गुंठे रोपवाटिका, म्हणजे लावणीच्या क्षेत्राचा दहावा भाग. माझी जमीन चाळीस गुंठे, म्हणून रोपवाटिका चार गुंठे. चार गुंठे म्हणजे साधारण ४०० चौरस मीटर. वाफा दहा मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आत रुंद, म्हणजे १.२ मीटर धरला, तर एक वाफा १२ चौरस मीटरचा. ४०० भागिले १२ म्हणजे ३३ वाफे. वहीत लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या, फार बरं वाटलं.

दुपारी काकांना घेऊन दोरीने खाचरं मोजली. बांध, पाण्याची वाट आणि मधला कातळ सोडला तर लावणीला मिळतात ते ३६ गुंठे. सातबारा बांधासकट मोजतो आणि रोपं बांधावर लागत नाहीत. हा चार गुंठ्यांचा फरक तेव्हा मला फायद्याचा वाटला, म्हणजे रोपं थोडी जास्तच होतील. या एका समजुतीमुळे पुढचा हिशेब मी नीट तपासला नाही.

२५ मे, शनिवार

बियाणं आणलं, कर्जत-३, १८ किलो. साठ रुपये किलोप्रमाणे १,०८० रुपये. हळवी जात आहे, दाणा जाड.

घरी स्वयंपाकघरात मोजणी केली. एक लिटर पाण्यात तीस ग्रॅम मीठ घालून मूठभर बी टाकलं. जे तरंगलं ते फेकलं. बुडालेलं दोनदा धुऊन पेपरावर सुकवलं. मग बायको आणि मी समोरासमोर बसून शंभर-शंभराच्या दहा ढिगल्या केल्या. हजार दाण्यांचं वजन भरलं २५ ग्रॅम. म्हणजे एका किलोत ४०,००० दाणे. ही मोजणी अर्ध्या तासात होते आणि पुढचे सगळे हिशेब तिच्यावर उभे राहतात. दुसरी जात घेतली तर पुन्हा मोजावं. बारीक दाण्याच्या जातीत किलोला दाणे बरेच जास्त भरतात, त्यामुळे त्याच वाफ्यात बी कमी वजनाचं लागतं.

शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले.

३१ मे

गोणपाट उघडलं. ८० दाण्यांना मोड आले होते.

१ आणि २ जून

घरामागचं खाचर रोपवाटिकेला निवडलं. उतार बरा आहे, विहीर जवळ आहे, आणि घरातून दिसतं म्हणून पाखरं हाकता येतात. दोरीने मोजलं तर २१ मीटर लांब, १९ मीटर रुंद. ३९९ चौरस मीटर, म्हणजे हवे तेवढे चार गुंठे. मी खूश.

दोन गडी लावले, दोन दिवस, पाचशे रुपये रोज. आधी पॉवर टिलर फिरवून घेतला आणि मग दोरी ताणून वाफे ओढायला सुरुवात केली. दोन वाफ्यांमध्ये ४० सेंटिमीटरचा चर ठेवला. पाणी निघायला तो लागतोच, आणि तण काढायला, रोपं उपटायला बाईमाणसाला बसायचं तरी कुठे? लांबीच्या बाजूला दहा-दहा मीटरचे दोन वाफे एकापुढे एक आणि मध्ये पाण्याची वाट. रुंदीच्या बाजूला वाफा १.२ अधिक चर ०.४, म्हणजे प्रत्येकी १.६ मीटर. १९ मीटरमध्ये असे अकरा बसले. बारावा बसवला असता तर बांधाकडचे चर गेले असते.

अकरा दुणे बावीस. ३३ कुठे आणि २२ कुठे.

चूक जागेवरच कळली. चार गुंठे हे चरांसकट असतात. मी ते नुसत्या वाफ्यांचे धरून भागाकार केला होता. २२ वाफे म्हणजे २६४ चौरस मीटर. बाकीची जागा चर आणि वाटांनी खाल्ली. गडी म्हणाला, "दादा, वाफं आखूड करू का, म्हणजे जास्त बसतील?" आखूड केले की संख्या वाढते, जागा वाढत नाही. उलट आडवे चर वाढतात.

दुसरं खाचर तयार करायला हवं होतं. पण ते ओलं झाल्याशिवाय नांगरता येत नव्हतं आणि माझी रविवार संध्याकाळची एसटी होती. शेणखत पसरून, फळीने वाफे सपाट करून निघालो. या दोन दिवसांचा खर्च मजुरी २,०००, टिलर १,२००.

८ जून, शनिवार. पेरणी

सकाळी १८ किलो बी दहा लिटरला तीनशे ग्रॅम मिठाच्या पाण्यात घातलं. दीड किलो तरंगलं, ते कोंबड्यांना. साडेसोळा किलो उरलं. दोनदा धुऊन सावलीत सुकवलं आणि किलोला तीन ग्रॅम थायरम चोळलं.

वहीतला हिशेब होता ३३ वाफे, वाफ्याला अर्धा किलो, एकूण साडेसोळा. प्रत्येक वाफ्यासाठी अर्ध्या किलोची पिशवी भरून ठेवली होती. ही पद्धत चांगली आहे. नाहीतर पहिल्या वाफ्यात मुठी भरून पडतात आणि शेवटच्यात बी पुरत नाही. चार बोटांवर आडव्या ओळी ओढून बी टाकत गेलो, वर बारीक माती लोटली. बावीस वाफे झाले आणि अकरा पिशव्या हातात उरल्या.

साडेपाच किलो बी. त्याचं काय करायचं?

काका ओट्यावरून म्हणाले, "ठेवून दे. दाटी केलीस तर रोप केसासारखं होईल." मला वाटलं, केसासारखं का होईना, रोप ते रोप. पुरलं नाही तर काय करायचं? उरलेल्या अकरा पिशव्या मागच्या रांगेतल्या अकरा वाफ्यांवर टाकल्या, एकेका वाफ्याला आणखी अर्धा किलो. त्यामुळे पुढच्या रांगेत वाफ्याला अर्धा किलो पडला आणि मागच्या रांगेत एक किलो. मुद्दाम केलेला प्रयोग नव्हता, घाबरून केलेलं काम होतं. पण पुढे जे शिकलो ते यातूनच.

१५ जून

मध्ये दोन जोरदार सरी होऊन गेल्या. उगवण छान. पाणी एकाही वाफ्यावर थांबलं नाही, म्हणजे गादीवाफे करण्याचा मूळ हेतू तरी साधला.

तारेचा २५ सेंटिमीटरचा चौकोन वाकवून आणला होता. असे सोळा चौकोन म्हणजे एक चौरस मीटर. वाफ्याच्या मध्यभागी तीन ठिकाणी ठेवून कोंब मोजले. पुढच्या रांगेत एका चौकोनात सरासरी १०२, मागच्या रांगेत २०० च्या जरा वर.

इथे गणित जुळेना. अर्धा किलो म्हणजे २०,००० दाणे, त्यातले ८० टक्के उगवले तर १६,०००. वाफा १२ चौरस मीटरचा असेल तर एका चौकोनात ८३ कोंब यायला हवेत. आले १०२. बियाण्याची उगवण आपोआप सुधारत नाही, तेव्हा वाफाच लहान असणार. टेप लावला. खाली चरात १.२ मीटर बरोबर होता, वर मात्र जेमतेम एक मीटर. दोरी मी जमिनीवर ताणली होती. वाफा दहा सेंटिमीटर उंच, कडा तिरप्या, त्यामुळे दोन्ही बाजूंनी दहा-दहा सेंटिमीटर उतारात गेले. लांबीतही तसेच वीस गेले. बी मात्र वरच्या सपाट भागावरच टाकलं होतं. म्हणजे वाफा १२ चा नव्हे, ९.८ चौरस मीटरचा.

बावीस वाफ्यांची खरी जागा भरली २१५ चौरस मीटर. चार गुंठ्यांच्या खाचरात प्रत्यक्ष रोप उभं राहू शकतं ती जागा निम्म्याहून थोडीच जास्त. हे आकडे मला पेरणीआधी माहीत असते तर मागच्या रांगेवर हात गेला नसता. पुढच्या रांगेतही चौरस मीटरला ५० ग्रॅमच्या वर बी पडलं होतं, ते पुरेसं होतं. मागच्या रांगेत शंभर ग्रॅम.

२२ जून

दोन्ही रांगांना युरिया दिला, तण काढलं. मागची रांग लांबून जास्त हिरवी आणि उंच दिसते. शेजारचे येऊन तिचंच कौतुक करून गेले.

२९ जून. रोप २१ दिवसांचं

आज पुन्हा चौकोन टाकला, पण नुसती मोजणी केली नाही. चौकोनातली सगळी रोपं उपटून काकूंसोबत पडवीत बसून निवडली. बुंधा काडेपेटीतल्या काडीएवढा जाड, चार पानं, पांढऱ्या मुळ्यांचा झुपका असेल ते लावणीचं. दोऱ्यासारखं, बुंध्याकडे पिवळं आणि बोटात धरलं की मान टाकणारं असेल ते बाजूला.

पुढच्या रांगेत चौकोनाला ८५ चांगली निघाली. मागच्या रांगेत रोपं १९० होती, त्यातली चांगली फक्त ९५. वाफ्यावर मांडलं तर पुढच्या रांगेतल्या वाफ्यात १३,३०० लावणीयोग्य रोपं, मागच्या रांगेतल्या वाफ्यात १४,९००. बी दुप्पट घालून वाफ्याला सोळाशे रोपं वाढली. अकरा वाफ्यांत मिळून साडेसतरा हजार, म्हणजे पावणेदोन गुंठ्यांची लावणी. त्यासाठी साडेपाच किलो बी गेलं, आणि निवडताना प्रत्येक जुडीत निम्मी रोपं फेकायचा ताप आला तो वेगळाच. उंच दिसतात ती उजेडासाठी एकमेकांवर चढतात म्हणून. शेजाऱ्यांनी कौतुक केलं ते त्या उंचीचं.

दोन्ही रांगा मिळून ३ लाख १० हजार रोपं हाताशी.

गरज किती? एका जागी एकत्र रोवलेली दोन-चार रोपं म्हणजे एक चूड. २० बाय १५ सेंटिमीटरवर लावलं तर चौरस मीटरला ३३ चूड बसतात. ३६ गुंठे म्हणजे ३,६४० चौरस मीटर, म्हणजे १ लाख २१ हजार चूड. चुडाला तीन रोपं म्हटली तर ३ लाख ६४ हजार, आणि नांगी भरायला, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायला, दहा टक्के धरून चार लाख. चुडाला दोनच लावली तर नांगीसकट २ लाख ६७ हजार. तिनाने कमी पडतात, दोनाने उरतात. उद्या लावणीच्या बायकांना दोन-तीनच लावा असं सांगायचं ठरवलं.

३० जून, रविवार. लावणी

सांगितलं. ऐकलं कोणी?

चिखलणीत सकाळ गेली. चार बायका, चारशे रुपये रोज. पुढच्या रांगेतून जुड्या निघाल्या, छान भरदार. मी बांधावर जुड्या पोचवत राहिलो आणि लावणीकडे लक्ष दिलं ते संध्याकाळी. लागले होते सहा गुंठे, आणि वाफे रिकामे झाले होते सात.

मी खाली उतरून सलग दहा चूड उपटून पाहिले. कुठे पाच, कुठे सात, सरासरी सहा रोपं. ओळ नाही, अंतर अंदाजाने, चौरस मीटरला पंचवीसेक चूड. म्हणजे चौरस मीटरला १५० रोपं, माझ्या कागदावर १०० होती. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "दोन काड्या लावून खेकड्यानं एक नेली तर राहिलं काय?" त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. गेली चाळीस वर्षं त्या केसासारखी रोपंच लावत आल्यात, आणि तसल्या रोपाला सहाच लागतात.

रात्री काथ्याच्या दोरीला वीस-वीस सेंटिमीटरवर लाल चिंध्या बांधल्या.

१ आणि २ जुलै. रजा टाकली

आठ बायका, दोन्ही दिवस. दोरीची दोन टोकं मी आणि काकांचा नातू धरून उभे. पहिला तास कुरकुर झाली, नंतर हात बसला. चुडाला तीन, आणि मागच्या रांगेतली बारीक रोपं निवडूनच द्यायची, हे काम काकूंनी बांधावर बसून केलं. त्यांच्याशिवाय ते झालं नसतं.

चार पुढचे आणि अकरा मागचे वाफे उपटून झाले तेव्हा २२ गुंठे लागले होते. आदल्या दिवसाचे सहा धरून २८. आठ गुंठे चिखल करून मोकळे, आणि रोपवाटिका रिकामी.

पहिल्या दिवशी दोरी असती तर त्या सात वाफ्यांत नऊ गुंठे झाले असते. म्हणजे तरीही पाचेक गुंठे कमी पडलेच असते. हे लिहून ठेवतो, नाहीतर सगळा दोष बायकांच्या हातावर टाकून मी मोकळा होईन. मूळ तूट माझ्या ३३ आणि २२ मधली आहे.

६ जुलै

उरलेल्या आठ गुंठ्यांना काकांच्या राबातली उरलेली रोपं लावली. चार बायका. जात वेगळी, गरवी आहे, त्यामुळे कापणीला हा तुकडा मागे राहणार आणि मळणी दोनदा. काकांनी पैसे घेतले नाहीत, पण त्यांच्या लावणीला मी दोन दिवस जायचं ठरलं. तेही गेलोय, कंबर अजून बोलतेय.

बियाणं, टिलर, दोन गड्यांचे दोन दिवस आणि लावणीचे चोवीस रोज मिळून आतापर्यंत १३,८८० रुपये.

२० जुलै

नांगी भरली. फार नव्हती. मागच्या रांगेतल्या रोपांच्या पट्ट्यात जास्त. पुढच्या रांगेतली रोपं जिथे लागली तिथे फुटवे दिसू लागलेत, मागच्या रांगेतली अजून हिरवी धरतायत. एकाच बियाण्याची, एकाच दिवशी पेरलेली रोपं आहेत ही. बांधावरून पाहिलं की सीमा कळते.

पुढच्या वर्षीचं गणित आत्ताच करून ठेवतो, मे महिन्यात पुन्हा तोच दहावा भाग आठवेल म्हणून.

सुरुवात शेताकडून करायची. बांध सोडून ३६ गुंठे, चुडाला तीन रोपं, नांगीसकट चार लाख. मग एका वाफ्यातून खरी किती निघतात ते बघायचं. यंदाच्या मोजणीने चौरस मीटरला साडेतेराशे चांगली रोपं निघतात, चौरस मीटरला ५० ग्रॅम बी असेल तर. वाफ्याचा तळ १.४ मीटर आखला तर माथा १.२ मिळेल. दोन्ही बाजूंनी हात पोचायला एवढाच बरा, याहून रुंद केला तर मधलं तण काढायला वाफ्यात पाय ठेवावा लागतो. असा वाफा माथ्यावर पावणेबारा चौरस मीटरचा, म्हणजे १६,००० रोपांचा. चार लाखांना २५ वाफे, दोन रांगांत बसवायचे म्हणून २६. वाफ्याला ६०० ग्रॅम बी, एकूण साडेपंधरा किलो. तेरा वाफे आणि त्यांचे चर मिळून रुंदी लागते २३.८ मीटर, लांबी तीच २१. म्हणजे पाच गुंठे.

मग दहाव्या भागाचा नियम खोटा का? तेही तपासलं. चुडाला दोनच रोपं लावली तर गरज २ लाख ६७ हजार, वाफे १७, जोडीसाठी १८. जागा चरांसकट साडेतीन गुंठे, म्हणजे ३६ गुंठ्यांचा जवळजवळ दहावा भागच. नियम बरोबर आहे. तो चरांसकट मोजायचा असतो आणि जाड बुंध्याची दोनच रोपं लावणाऱ्या हातांसाठी असतो. आमच्याकडे दोन रोपांवर कोणी तयार होणार नाही, मीसुद्धा खेकडे बघून होणार नाही. म्हणून पाच गुंठे.

घरामागच्या खाचरात तेरा वाफ्यांची रांग बसत नाही, दहाच बसतात, दोन्ही रांगांचे मिळून वीस. उरलेले सहा वाफे विहिरीपलीकडच्या तुकड्यात करायचे. तो तुकडा कापणीनंतर लगेच नांगरून ठेवायचा आहे, कारण जूनमध्ये तो हाती लागत नाही.

चिंध्यांची दोरी धुऊन वाळवली. दुसऱ्या दोरीला १.४ आणि ०.४ च्या गाठी मारून दोन्ही पडवीच्या खुंटीला टांगल्या. काका म्हणाले, "उंदीर खातील तिथे." आता पत्र्याच्या डब्यात आहेत.